दाढेचा पू गळ्याकडे उतरतो तेव्हा

दोन-तीन रात्री झोपू न देणारी दाढ एखाद्या सकाळी अचानक शांत होते. ठणका जातो, गार पाण्याने येणारी कळ जाते. घरातले म्हणतात, "चला, उतरलं एकदाचं." दंतवैद्याकडची वेळ रद्द होते आणि माणूस कामाला लागतो. दाढेच्या आजारात बहुतेक फसगत इथून सुरू होते. ठणका थांबलेला असतो तो दाताची नस मेल्यामुळे. दात बरा झालेला नसतो.

हे कसं घडतं ते नीट पाहिलं, तर पुढे गाल का सुजतो, ती सूज एखाद्या वेळी गळ्यापर्यंत का उतरते आणि नुसत्या गोळ्यांनी ती का आटोक्यात येत नाही, हे सगळं आपोआप कळतं.

दाताच्या आत, कठीण कवचाने वेढलेल्या पोकळीत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंचा एक मऊ धागा असतो. बोलताना आपण त्याला 'नस' म्हणतो. त्याला रक्त मिळतं ते मुळाच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रांतून. कीड त्या पोकळीपर्यंत पोहोचली की नस सुजते. शरीरात इतरत्र सूज आली तर कातडी ताणते, सुजेला जागा मिळते. दाताच्या भिंती तसूभरही ताणत नाहीत. आतला दाब वाढतो, येणारं रक्त अडतं आणि नस गुदमरून मरते. दाब वाढत असतानाचा काळ म्हणजे ती ठणकणारी रात्र, आणि नस मेल्यानंतरचा काळ म्हणजे ती शांत सकाळ. मेलेल्या नसेच्या जागी मात्र जंतूंची वस्ती मागे उरते. आता तिथे रक्त पोहोचत नाही. त्यामुळे रक्तातून येणाऱ्या संरक्षक पेशीही पोहोचत नाहीत आणि रक्तातूनच जाणारं औषधही पोहोचत नाही.

जंतू मग मुळाच्या टोकाच्या छिद्रातून जबड्याच्या हाडात उतरतात. शरीर त्यांना तिथे रोखायला जातं आणि त्या झुंजीतून पू तयार होतो. दाढ शेजारच्या दातांपेक्षा उंच झाल्यासारखी वाटते, घास चावताना समोरचा दात टेकला की जीव जातो. हाडात कोंडलेल्या पुवाची ही वेदना फार वाईट असते. पू हाड पोखरत राहतो आणि एके दिवशी हाडाबाहेर पडून मऊ भागात शिरतो. कोंडलेला दाब सुटतो, वेदना पुन्हा कमी होते आणि त्याच सुमाराला गाल किंवा जबड्याखालचा भाग सुजू लागतो.

म्हणजे या आजारात दुखणं दोनदा कमी होतं आणि दोन्ही वेळा आजार एक पायरी पुढे गेलेला असतो. वेदनेवरून या आजाराचं माप काढता येत नाही, हे मला या लेखात सगळ्यात ठासून सांगायचं आहे. माप काढायचं ते तोंड किती उघडतं, घोट गिळता येतो का आणि सूज कुठे आहे यावरून.

सूज कुठे येणार, हे पू हाडाच्या कोणत्या बाजूने बाहेर पडतो त्यावर ठरतं, आणि पू जिथे हाड सर्वांत पातळ तिथून बाहेर पडतो. बहुतेक दातांच्या बाबतीत तो ओठाच्या किंवा गालाच्या बाजूला हिरडीखाली येतो, हिरडीवर फोड दिसतो आणि कधी तो आपोआप फुटून पू तोंडात वाहून जातो. हा त्यातल्या त्यात सुखाचा मार्ग. वरच्या सुळ्याचा पू नाकाच्या कडेला आणि डोळ्याखाली चढतो. या भागातल्या शिरा डोळ्याच्या खोबणीतून कवटीच्या आतल्या शिरांशी जोडलेल्या असतात, म्हणून वरच्या दातामुळे पापणी सुजून डोळा मिटू लागला तर ते गांभीर्याने घ्यावं लागतं. 2007 मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात 12 वर्षांच्या एका मुलाचा दाताच्या गळवातले जंतू मेंदूत पोहोचल्याने मृत्यू झाला. मेंदूच्या शस्त्रक्रिया करूनही तो वाचला नाही. तो दात वेळेत काढला गेला असता तर एवढं काही घडलं नसतं. असं क्वचितच घडतं. त्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा जीव धोक्यात येतो तो खालच्या जबड्यातल्या मागच्या दाढांमुळे, म्हणून आता तिकडेच थांबू.

हनुवटीच्या मागे, जबड्याच्या दोन्ही बाजूंच्या मधल्या मऊ जागेवर बाहेरून बोट ठेवा आणि घोट गिळा. बोटाखाली काहीतरी घट्ट होताना जाणवेल. तो तोंडाचा तळ. जबड्याच्या आतल्या बाजूला, डावीकडून उजवीकडे, एक पातळ स्नायू झोळीसारखा बांधलेला असतो आणि जीभ त्या झोळीवर विसावलेली असते. वैद्यकात त्याला मायलोहायॉइड म्हणतात. हा स्नायू हाडाला ज्या रेषेवर चिकटतो ती रेषा सरळ नसते. पुढच्या दातांपाशी ती खाली असते आणि मागे जाताना वर चढत जाते. पुढच्या दातांची आणि पहिल्या दाढेची मुळं बहुधा या रेषेच्या वर संपतात. दुसऱ्या दाढेची आणि अक्कलदाढेची मुळं मात्र रेषेच्या खाली पोहोचतात. त्यातच, या मागच्या दाढांच्या जिभेकडच्या बाजूला हाड पातळ असतं. म्हणून त्यांचा पू जिभेच्या बाजूने हाड फोडून थेट झोळीच्या खाली, जबड्याखालच्या जागेत उतरतो. आजार तोंडातला, पण सूज मानेवर, असा प्रकार होतो. तोंडात डोकावून पाहिलं तर कित्येकदा फारसं काही दिसतही नाही.

एवढ्यावर थांबलं तर एका बाजूला, जबड्याच्या कडेखाली लिंबाएवढी सूज दिसते. पण स्नायूच्या मागच्या कडेशी एक मोकळी फट असते. तिथून संसर्ग झोळीच्या वर, जिभेखाली जातो, आणि मधोमध अडसर नसल्यामुळे दुसऱ्या बाजूलाही पसरतो. आता सुजलेल्या जिभेखालच्या भागाला जायला जागा कुठे आहे? पुढे आणि दोन्ही कडांना जबड्याचं हाड आहे, खाली मानेचे चिवट पडदे आहेत. मोकळी दिशा एकच, वर आणि मागे. जीभ उचलली जाते, टाळूला टेकते, मागे घशात ढकलली जाते, आणि जिभेच्या मागेच श्वासाची वाट आहे. दाढेमुळे माणूस दगावतो तो बहुधा याच पद्धतीने. रक्तात जंतू पसरून येणारं संकट वेगळं असतं, तेही जीवघेणं असतं, पण श्वास अडण्याचा धोका काही तासांत उभा राहू शकतो.

जर्मनीतल्या श्टुटगार्टचे वैद्य विल्हेल्म फ्रीडरिश फॉन लुडविग यांनी 1836 मध्ये या आजाराचं वर्णन केलं, म्हणून तो लुडविग्ज अँजायना या नावाने ओळखला जातो. छातीत दुखणाऱ्या अँजायनाशी त्याचा काही संबंध नाही. या आजाराच्या इतिहासातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. 1940 मध्ये अमेरिकेतले शल्यविशारद ॲशबेल विल्यम्स यांनी आपल्याकडच्या रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला, त्यात निम्म्याहून अधिक, 54 टक्के रुग्ण दगावले होते. त्यानंतर 1943 मध्ये त्यांनी आणि वॉल्टर गुरालनिक यांनी 20 रुग्णांचा दुसरा अहवाल दिला. त्यात मृत्यूचं प्रमाण 10 टक्क्यांवर आलं होतं. पेनिसिलिन तेव्हा सर्वसामान्य रुग्णांना मिळतही नव्हतं. फरक पडला होता तो आधी श्वासाची वाट सुरक्षित करण्याने आणि वाट न पाहता लवकर चिरा देऊन दाब मोकळा करण्याने. अँटिबायोटिकांनी नंतर या आकड्यात आणखी सुधारणा केली, पण पहिली मोठी झेप शस्त्राने घेतली होती. आपल्याकडे आजही या आजारावर पहिला आणि पुष्कळदा शेवटचा उपाय म्हणून कॅप्सूलची पट्टीच घेतली जाते, म्हणून हा इतिहास सांगावासा वाटला.

गोळ्या अपुऱ्या का पडतात, याचं अर्धं उत्तर वर आलंच आहे. मेलेल्या नसेपर्यंत रक्त जात नाही. उरलेलं अर्धं उत्तर पुवाच्या पिशवीत आहे. पुवाच्या साठ्यातही रक्तवाहिन्या नसतात, औषध कडेकडेने झिरपतं, आत पुरेसं पोहोचत नाही. त्यामुळे अँटिबायोटिक आजूबाजूच्या जिवंत भागात पसरणारे जंतू रोखतं, सूज थोडी उतरते, ताप जातो आणि पट्टी संपल्यावर दहा-पंधरा दिवसांनी किंवा दोन महिन्यांनी सगळं पुन्हा सुरू होतं. उगम जागचा हललेलाच नसतो. अमेरिकन डेंटल असोसिएशनने 2019 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनाचा गाभाही असाच आहे. दाताचा इलाज लगेच होण्यासारखा असेल तर साध्या दातदुखीला किंवा हिरडीपुरत्या गळवाला निरोगी प्रौढ माणसात अँटिबायोटिकची गरज नसते. ताप, अस्वस्थपणा, पसरणारी सूज अशी लक्षणं असतील तेव्हा ते द्यायचं, आणि तेही दाताच्या इलाजाला जोड म्हणून.

आता एक उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहू. हा कोणी एक विशिष्ट रुग्ण नाही. असे रुग्ण जसे येतात आणि त्यांचं जसं होतं, त्यावरून बांधलेला हा नमुना आहे.

बेचाळीस वर्षांचा ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरचा चालक. खालची उजवी दुसरी दाढ वर्षभर किडलेली. तीन आठवड्यांपूर्वी चार दिवस ठणकली आणि शांत झाली. सोमवारी ती उंच झाल्यासारखी वाटू लागली. मेडिकलमधून त्याने दुखण्याच्या गोळ्या आणि अँटिबायोटिकच्या सहा कॅप्सूल घेतल्या. बुधवारी दुखणं कमी झालं, म्हणून कॅप्सूल बंद. गुरुवारी जबड्याखाली सूज आली. घरच्यांनी विटकर तापवून शेक दिला, वरून लेप लावला. शुक्रवारी सूज कडक झाली, तोंड उघडेना. शनिवारी संध्याकाळी सूज हनुवटीखालून डावीकडे गेली. त्याला पाणीसुद्धा नीट गिळता येईना, लाळ ओठांतून गळू लागली, आवाज जाड झाला. त्या रात्री तो आडवा झाला नाही, भिंतीला टेकून, मान पुढे काढून बसून राहिला. रविवारी पहाटे त्याला जिल्ह्याच्या रुग्णालयात आणलं.

या वर्णनातली प्रत्येक गोष्ट डॉक्टरला काही सांगते. मऊ सूज कडक होणं म्हणजे जंतू पेशींच्या थरांमधून पसरताहेत. पहिल्या दोन-तीन दिवसांत स्ट्रेप्टोकॉकस जातीचे जंतू पुढे असतात. ते पेशींना जोडून ठेवणारा पदार्थ विरघळवणारी रसायनं सोडतात आणि वाट मोकळी करतात. तिथला प्राणवायू संपला की मागून प्राणवायूविना वाढणारे जंतू माजतात, तेच पुढे पू आणि दुर्गंधी निर्माण करतात. मधल्या कडक सुजेच्या काळात पू थोडा असतो पण पसरण्याचा वेग जास्त असतो. 'अजून पिकलं नाही, पिकू द्या' हा सल्ला म्हणूनच जबड्याखालच्या आणि गळ्याच्या सुजेत घातक ठरतो. सूज मऊ होऊन हाताला पू लागायची वाट पाहत बसलं तर तोवर श्वास अडलेला असू शकतो.

तोंड न उघडणं म्हणजे चावण्याचे स्नायू सुजेच्या तावडीत सापडले. मोठ्या माणसाचं तोंड साधारण 40 मिलिमीटर उघडतं, स्वतःची तीन बोटं उभी आत जातात. या चालकाचं 15 मिलिमीटर, जेमतेम एक बोट उघडत होतं. इथे आपल्या भागातली एक अडचण सांगायला हवी. गुटखा, मावा, सुपारी वर्षानुवर्षं खाणाऱ्यांच्या गालाचं अस्तर आधीच आवळलेलं असतं, त्यांचं तोंड एरवीही दोन बोटांपलीकडे उघडत नाही. त्यांना ही नवी दातखीळ लवकर लक्षात येत नाही आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांसमोर ती दुप्पट अडचण उभी करते, कारण स्नायूचा आखडलेपणा भुलीच्या औषधाने सैल पडू शकतो, आवळलेलं अस्तर सैल पडत नाही.

लाळ गळणं म्हणजे घोट गिळता येत नाही. आडवं न होता येणं म्हणजे उताणं झोपलं की जीभ मागे पडून वाट बंद होते, आणि शरीराने ते आपणहून ओळखलं आहे. बोटाला लावलेल्या यंत्रावर त्याचा प्राणवायू 96 टक्के दिसत होता. या आकड्याने हायसं वाटून घेऊ नये. वाट अरुंद होत असली तरी माणूस जोर लावून श्वास घेत राहतो आणि आकडा बराच वेळ ठीक दिसतो. तो खाली येतो तेव्हा हाताशी वेळ उरलेला नसतो.

ताप 102, नाडी 118, पांढऱ्या पेशी 21 हजार. एरवी त्या चार ते अकरा हजारांच्या दरम्यान असतात. रक्तातली साखर 342. त्याला मधुमेह आहे हे त्याला त्या दिवशी कळलं. साखर वाढलेली असली की पांढऱ्या पेशी जंतूंना नीट मारू शकत नाहीत, आणि संसर्गाच्या ताणाने साखर आणखी चढते. दाढेच्या साध्या गळवाचा असा विस्तार झालेला दिसला की साखर तपासावी लागते ती यासाठी.

या रुग्णाच्या बाबतीत पहिला निर्णय दाढेचा किंवा पुवाचा नव्हता, श्वासाचा होता. त्याला बसतं ठेवूनच सलाईन, अँटिबायोटिक आणि इन्शुलिन सुरू झालं. नेहमीसारखं झोपवून, पूर्ण भूल देऊन घशात नळी घालणं इथे धोक्याचं. भुलीने स्नायू सैल पडले की उरलीसुरली वाटही मिटते आणि मोठ्या झालेल्या जिभेमागचं काही दिसत नाही. म्हणून भूलतज्ज्ञांनी नाक आणि घसा औषधाने बधिर केला, आणि रुग्ण जागा व बसलेला असतानाच, टोकाला कॅमेरा असलेल्या लवचीक दुर्बिणीवरून नाकावाटे श्वासनलिकेत नळी सरकवली. शेजारी कान-नाक-घसा तज्ज्ञ गळ्यातून छिद्र करण्याच्या तयारीनिशी उभे होते. नळी गेली नसती तर गळ्याचा भाग बधिर करून श्वासनलिकेला छिद्र पाडलं असतं. त्या शस्त्रक्रियेची अनेक कुटुंबांना फार भीती वाटते. ते छिद्र तात्पुरतं असतं, आणि या प्रसंगात ते जीव वाचवतं.

वाट सुरक्षित झाल्यावर शिरेतून औषध देऊन मानेचा आणि छातीचा सीटी स्कॅन काढला. पू किती आणि कुठे आहे, तो घशाच्या मागून छातीत तर उतरत नाही ना, हे त्यात पाहतात. मानेतले थर छातीच्या मध्यभागापर्यंत खाली जातात आणि तिथे संसर्ग पोहोचला तर छातीची शस्त्रक्रिया लागते, मृत्यूचा धोका बराच वाढतो. इथे तो मानेतच होता.

शस्त्रक्रियेत जबड्याच्या कडेपासून दोन बोटं खाली, दोन्ही बाजूंना सुमारे दोन सेंटिमीटरचे चिरे आणि एक हनुवटीखाली दिला. चिरा एवढा खाली घेण्याचं कारण म्हणजे जबड्याच्या कडेजवळून खालच्या ओठाला हलवणारा बारीक मज्जातंतू जातो, तो दुखावला तर ओठाची कड वाकडी राहते. कातडी कापली की पुढे सुरी वापरत नाहीत. बंद चिमटा आत सरकवून आत उघडायचा आणि उघडाच बाहेर घ्यायचा, म्हणजे थर बाजूला होतात, शिरा आणि तंतू कापले जात नाहीत. उजवीकडून दुर्गंधीचा साधारण 25 मिलिलिटर पू निघाला. डावीकडे पू नव्हता, नुसतं पातळ गढूळ पाणी आलं. तरीही तो चिरा वाया गेला नाही, त्यानेच ताणलेल्या भागातला दाब सुटला. पुवाचा नमुना तपासणीला गेला, कारण कोणतं औषध त्या जंतूंना लागू पडतं ते दोन-तीन दिवसांत त्यातून कळतं. प्रत्येक चिऱ्यात रबरी पट्टी टाक्याने अडकवून ठेवली, म्हणजे तोंड मिटणार नाही आणि निचरा चालू राहील. आणि त्याच वेळी, त्याच भुलीत, ती दाढ काढली.

'सूज आहे तोवर दात काढता येत नाही' हे आपल्याकडे इतकं ठाम सांगितलं जातं की कित्येक रुग्ण सूज उतरण्याची वाट पाहत आठवडा घालवतात. सूज असताना दात काढल्याने संसर्ग पसरतो, हा समज आता टिकत नाही. उगम काढला आणि पुवाला वाट मिळाली की सूज लवकर उतरते, हाच अनुभव आहे. खरी अडचण वेगळी असते. तोंडच उघडत नसेल तर दाढेपर्यंत पोहोचता येत नाही. शिवाय सुजलेल्या, आम्लता वाढलेल्या भागात बधिर करण्याचं इंजेक्शन नीट काम करत नाही. त्यावर उपाय असतो, सुजेपासून दूर, मागे, जिथून मज्जातंतू हाडात शिरतो तिथे इंजेक्शन देतात. ते जमणार नसेल तर पूर्ण भूल. दाढ वाचवण्याजोगी असेल तर ती काढायलाच हवी असंही नाही. वरून छिद्र करून आतला सडलेला भाग आणि पू बाहेर काढतात आणि सूज ओसरली की रूट कॅनल पूर्ण करतात. वर्षभर किडून कवच उरलेल्या दाढेसाठी मात्र तो मार्ग नसतो.

आपल्या नमुन्यातल्या रुग्णाची श्वासाची नळी तिसऱ्या दिवशी, जिभेखालची सूज ओसरल्याचं पाहून काढली. निचरा कमी होत गेला तशा पट्ट्या चौथ्या-पाचव्या दिवशी निघाल्या. शिरेतली औषधं थांबवून तोंडावाटे सुरू झाली, आठव्या दिवशी तो घरी गेला. पुढे कित्येक दिवस तोंड उघडण्याचे व्यायाम आणि साखरेचे उपचार चालू राहिले. तीन आठवड्यांपूर्वी हीच दाढ खुर्चीवर बसून, बधिर करून अर्ध्या तासात निघाली असती.

दाढेमुळे गाल सुजलेले बहुतेक रुग्ण या टोकाला जात नाहीत, हेही सांगायला हवं. सूज गालापुरती किंवा हिरडीपुरती आहे, तोंड उघडतं, गिळता येतं, ताप नाही, तर दंतवैद्य त्याच दिवशी खुर्चीवर पुवाला वाट करून देतात आणि दाढेचा इलाज सुरू करतात. रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. 'त्याच दिवशी' हे महत्त्वाचं, कारण आजच्या आणि परवाच्या सुजेत फार अंतर पडू शकतं. तोवर घरी कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या कराव्यात. बाहेरून शेक देऊ नये, चुना, तंबाखू किंवा मिश्री दाबून धरू नये, त्याने हिरडी भाजते आणि आतल्या पुवाला काही होत नाही. उरलेल्या जुन्या कॅप्सूल आपल्या मनाने घेऊ नयेत. मधुमेह असलेल्यांनी, गर्भवतींनी, कर्करोगाची औषधं किंवा स्टेरॉइड चालू असलेल्यांनी छोटी सूजही त्याच दिवशी दाखवावी.

आणि यातलं काहीही दिसलं तर दंतवैद्याच्या वेळेची वाट पाहू नका: तोंडात दोन बोटंही जात नाहीत, थुंकी गिळता येत नाही, लाळ गळते, जीभ वर उचलल्यासारखी वाटते, आवाज बदलला, सूज हनुवटीखाली किंवा मानेवर उतरली, डोळा मिटत चालला, आडवं झालं की जीव घाबरतो. अशा वेळी भूलतज्ज्ञ आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ असलेल्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा, रात्र असली तरी जा. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा. रुग्णाला बसतं ठेवा, झोपायला लावू नका, खायला-प्यायला देऊ नका. घेतलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्या, आणि दाखल करताना "दात दुखतोय" एवढंच सांगून थांबू नका, "गिळता येत नाही, श्वासाला त्रास होतोय" हे आधी सांगा.